टायमिंगला हात सर्वांत शेवटी

एप्रिल-मे म्हणजे सोलापुरात शाळेच्या गणवेशांचे दिवस. आमचं युनिट लहान, चौदा मशीनचं. मजुरी नगावर असल्यामुळे त्या दिवसांत मशीन तासभर जरी बंद राहिलं तरी ते कारागिराच्या खिशाला लागतं. अशाच एका दुपारी सातव्या मशीनवर पँटच्या कमरपट्ट्याचे लूप बसवताना सुई मोडली. लूपचे दुमडलेले थर, खाली पट्टा, त्यात कॅनव्हास. सुई वाकली आणि खट्टकन आवाज झाला. अक्कांनी तुकडे वेचले, नवी सुई लावली आणि काम पुढे सुरू केलं. अर्ध्या तासात हाक आली, "ताई, मशीन टाके सोडायलंय. टायमिंग गेलंय. मामांना बोलवा की."

मामा म्हणजे आमचे मेकॅनिक. त्या दिवसांत ते संध्याकाळशिवाय मिळत नाहीत, म्हणून मी पेचकस घेऊन स्वतःच बसले. बारा-तेरा वर्षं मामांच्या शेजारी बसून मी जे शिकले, त्यातलं पहिलं म्हणजे "टायमिंग गेलं" या तक्रारीवर लगेच विश्वास ठेवायचा नाही. टाका सुटला की टायमिंग, धागा तुटला की टायमिंग, खाली दोऱ्याचा गुच्छा झाला तरी टायमिंगच. खरं तर त्या तक्रारींपैकी बहुतेक सुई, प्लेट, कचरा आणि तेल या चार ठिकाणीच मिटतात. पण कुणी आधीच शटलचे स्क्रू ढिले केलेले असले तर मग मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला, हे कळेनासं होतं.

टायमिंग म्हणजे नक्की काय, ते आधी सांगते. आपण ज्याला सर्रास "जुकी" म्हणतो ते सरळ टाक्याचं कारखान्यातलं मशीन. जुकी हे एका जपानी कंपनीचं नाव, पण आता मशीन कुठल्याही कंपनीचं असो, आपल्याकडे त्याला जुकीच म्हणतात. आमच्याकडची बहुतेक मशीनं डीडीएल-८७०० या मॉडेलच्या जातीची आहेत आणि पुढची मापं त्यांचीच आहेत. या मशीनचा कमाल वेग मिनिटाला ५५०० टाके. घरच्या पायमशीनमध्ये शटल झुल्यासारखं मागेपुढे होतं. इथे ते गोल फिरतं आणि एका टाक्याला दोन फेरे घेतं. म्हणजे पूर्ण वेगात शटलचे मिनिटाला ११,००० फेरे होतात.

सुई खाली जाऊन तळाला पोचते आणि वर यायला लागते. त्या पहिल्या दोनेक मिलिमीटरमध्ये धागा कापडात दाबलेला असल्यामुळे सुईबरोबर वर सरकत नाही आणि सुईच्या उजव्या अंगाला त्याचा लहानसा फासा फुगतो. त्याच क्षणी शटलचं अणकुचीदार टोक तिथून जातं, फासा उचलतं, बॉबिनकेसभोवती फिरवतं आणि खालच्या धाग्याला त्यात अडकवतं. सुईच्या नेढ्याच्या किंचित वर, एक ते दीड मिलिमीटरवर, हे टोक सुईला घासून गेल्यासारखं पण न लागता जायला हवं. ही गाठ वेळेवर पडणं म्हणजे टायमिंग.

ही गाठ कोण टिकवतं? सुईदांडी धरून ठेवणारा एक स्क्रू आणि शटल शाफ्टवर आवळून ठेवणारे तीन स्क्रू. ते घट्ट असतील तर टायमिंग आपोआप जात नाही. ते सरकायला धक्का लागतो. सुई जाड शिवणीवर मोडणं, प्लेटवर आदळणं, शटलमध्ये धागा गच्च अडकून मशीन जाम होणं आणि तरीही पायाने पेडल दाबत राहणं, असे हे धक्के. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, "आधी काय झालं होतं?" काहीच झालं नसेल, सकाळपासून नीट चाललेलं मशीन हळूहळू टाके सोडायला लागलं असेल, तर टायमिंगचा विचारही मी करत नाही. सातव्या मशीनवर मात्र सुई मोडली होती, त्यामुळे संशयाला जागा होती. तरी मी सुरुवात सुईपासूनच केली.

मशीन उघडण्याआधी बटण बंद करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जुन्या क्लच मोटरला एक खोड आहे. बटण बंद केल्यावरही ती काही वेळ फिरत राहते आणि त्या वेळात पेडलवर पाय पडला तर सुई चालते. म्हणून बटण बंद करून, बोटं लांब ठेवून, पेडल एकदा दाबायचं आणि मोटर पूर्ण थांबल्याची खात्री करायची. त्यानंतरच सुईजवळ हात न्यायचा.

सुईच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत लांब खोबण असते. धागा तीत बसून खाली जातो. दुसऱ्या अंगाला नेढ्याच्या वर एक खोलगट कापलेला भाग असतो. शटलचं टोक तिथून जातं. या मशीनवर लांब खोबण शिवणाऱ्याच्या डाव्या हाताला आणि खोलगट भाग उजव्या हाताला यायला हवा. सुईची मूठ गोल असल्यामुळे ती कशीही बसते आणि घाईत थोडी तिरकी बसली तरी लक्षात येत नाही. शिवाय ती वर टेकेपर्यंत सरकवली नाही तर नेढं खाली राहतं आणि शटलच्या टोकाशी त्याचा मेळ बसत नाही.

अक्कांची सुई सरळ होती, वर टेकलेली होती. पण मुठीवरचा आकडा बघितला तर तो ११ होता. पँटसाठी आम्ही १६ नंबर वापरतो. शेजारच्या मशीनवर शर्ट चालू होते, घाईत तिथल्या पाकिटातली सुई उचलली गेली होती. १६ नंबरची सुई एक मिलिमीटर जाड असते आणि ११ नंबरची पाऊण मिलिमीटर. जाडीत पाव मिलिमीटर फरक पडला म्हणजे सुईचा शटलकडचा पृष्ठभाग त्याच्या निम्म्याने, सुमारे ०.१२ मिलिमीटरने, शटलपासून लांब गेला. हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण सुई आणि शटलचं टोक यांच्यात मुळात ठेवायची फट असते ०.०४ ते ०.१ मिलिमीटर. म्हणजे नुसत्या सुईच्या बदलाने ती फट दुपटीच्याही पुढे गेली. वर बारीक सुई जाड पँटमध्ये लवते ते वेगळंच. टोक फाशाच्या बाहेरून निघून गेलं की टाका सुटतो.

एकाच मशीनवर कधी शर्ट, कधी पँट घेणाऱ्या लहान युनिटमध्ये हा घोटाळा वारंवार होतो. मशीन १६ नंबरवर जुळवलेलं असलं तर ११ वर ते टाके सोडू शकतं आणि ११ वर जुळवलेल्या मशीनला १६ लावली तर टोक सुईला लागून बोथट होऊ शकतं. आम्ही आता मशीनच्या डोक्यावर चिकटपट्टी लावून सुईचा नंबर लिहून ठेवतो. ते काम शाळकरी वाटलं तरी त्याने आमचे बरेच तास वाचले आहेत.

मी १६ नंबरची नवी सुई लावली. टाके सुटणं बरंच कमी झालं, पण थांबलं नाही. आणि आता आणखी एक गोष्ट दिसली. शिवणीवर वरचा धागा केसाळ दिसत होता आणि हातभर शिवलं की तुटत होता. तुटलेलं टोक मी उजेडात धरलं. धागा ताणाने तुटला तर टोक बहुधा आखूड, स्वच्छ असतं. हे टोक कुंच्यासारखं पिंजलेलं होतं. म्हणजे धागा कशावर तरी घासत होता.

सुईच्या खाली जी पोलादी पट्टी असते ती नीडल प्लेट. बोलताना नुसती प्लेट. दोन स्क्रूंनी बसवलेली, मध्ये सुईसाठी गोल भोक आणि त्याच्या आजूबाजूला दात्यांसाठी लांब फटी. मशीनमधला हा सगळ्यांत साधा भाग, हलत नाही की फिरत नाही, आणि म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण मोडणारी सुई आदळते ती यावरच. आदळली की भोकाच्या कडेला बारीकशी खाच पडते आणि खाचेच्या बाजूला धातूचा कंगोरा उभा राहतो. प्रत्येक टाक्याला धागा या कडेवरून जातो. मिनिटाला चार हजार टाके घेतले तर तो कंगोरा मिनिटाला चार हजार वेळा धागा ओरबाडतो.

डोळ्यांना तो कंगोरा बहुतेक वेळा दिसत नाही. मामांनी शिकवलेली युक्ती अशी, की प्लेट काढायची, कापसाची लहान वात करायची, ती भोकातून ओवायची आणि कडेभोवती सावकाश फिरवायची. कंगोरा असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. सातव्या मशीनच्या प्लेटवर तो भोकाच्या मागच्या कडेला अडकला, आणि मग टॉर्च तिरका धरल्यावर तिथे पांढरी चमक दिसली. सुई मागच्या बाजूला वाकून आदळली होती, हेही त्यावरून कळलं. कारागीर जाड शिवणीवर कापड मागून ओढतो तेव्हा सुई मागे वाकते आणि घाव असाच मागच्या कडेला बसतो. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "लूप पुढं सरकंना, म्हणून वढलं जरा."

कंगोरा काढताना कानशीला हात लावायचा नाही. कानशीने खाच जाते, पण भोक मोठं होतं. मी १००० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन त्याची उदबत्तीच्या काडीवर पुंगळी केली आणि भोकाच्या आतल्या कडेवरून हलक्या हाताने गोल फिरवली, वरून आणि खालूनही. खालची बाजू विसरू नये, कारण फासा खालच्या बाजूला फिरतो. मग जाड सुती दोरा धातूच्या पॉलिशमध्ये बुडवून भोकातून मागेपुढे ओढला. दर काही वेळाने कापसाची वात फिरवून बघायची. ती कुठेही न अडकता आली की थांबायचं. त्यानंतर प्लेट रॉकेलने धुवून पुसायची, कारण पॉलिशचा एक कणही शटलमध्ये गेला तर तो तिथे घासकाम सुरू ठेवतो.

काही प्लेटी मात्र वाचवू नयेत. घाव खोल असेल किंवा पुनःपुन्हा पॉलिश करून भोक लांबट झालं असेल तर ती प्लेट बदलावी. भोक सुईच्या मानाने मोठं झालं की सुई खाली जाताना कापडही थोडं भोकात ओढून नेते आणि सुई वर येताना तेही बरोबर उचललं जातं. मग धागा कापडात दाबून राहत नाही, फासा नीट फुगत नाही आणि टाका सुटतो. पातळ शर्टिंगवर शिवण चुणते तीही यामुळेच. हाच विचार करून पँटची प्लेट शर्टाला वापरू नये. जाड सुईसाठी मोठ्या भोकाची आणि बारीक सुईसाठी लहान भोकाची प्लेट वेगळी मिळते. मशीनच्या इतर भागांच्या तुलनेत तिची किंमत अगदी थोडी असते.

प्लेट काढलीच आहे तर तिच्या खाली बघावं. आमच्या शहरात टॉवेलच्या कडा शिवणारी मशीनं घरोघरी आहेत आणि टेरी टॉवेलचा कचरा कसा असतो हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तो दात्यांच्या रांगांमध्ये पडतो, तेलाचा अंश पिऊन घेतो, वरून दाब बसतो आणि काही दिवसांत त्याचा नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. दाते प्लेटच्या वर सुमारे ०.८ मिलिमीटर येतात, मागे सरकतात आणि पुन्हा खाली जातात. हा थर त्यांना पूर्ण खाली जाऊ देत नाही. मग कापड सरकताना अडखळतं, टाका कधी लांब कधी आखूड येतो, आणि कारागीर समजतो की टाक्याचा नंबर बिघडला. हा थर चिमट्याने आणि ताठ ब्रशने काढावा. पेचकसाचं टोक घालून उचकटायची सवय वाईट; त्याने फटींच्या कडांना ओरखडे पडतात आणि मग तिथे कापडाचे धागे ओढले जातात. कॉम्प्रेसरच्या हवेचंही तसंच. समोरचा कचरा उडालेला दिसतो, पण त्यातला काही शटलच्या मागे, तेल येण्याच्या वाटेवर जाऊन बसतो.

प्लेट पुन्हा बसवताना तिच्या खालची बैठक पुसलेली हवी. तिथे कचऱ्याचा कण राहिला तर प्लेट एका बाजूने उचलली जाते आणि सुई भोकाच्या मधोमध न येता कडेला येते. स्क्रू आवळण्याआधी चाक हाताने फिरवून सुई भोकाच्या मध्यातून जाते का ते बघावं, मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळावेत. बसवण्याआधी मी मोडक्या सुईचे तुकडेही जुळवून बघितले. टोकाचा तुकडा कमी होता. तो शटलच्या खाली, तेलाच्या ट्रेमध्ये सापडला. गणवेश मुलांच्या अंगावर जाणार असतो, त्यामुळे सगळे तुकडे सापडेपर्यंत त्या मशीनवरचा माल आम्ही पुढे सोडत नाही. निर्यातीच्या कारखान्यांत तर मोडलेल्या सुईचे तुकडे चिकटपट्टीने वहीत लावून ठेवायची पद्धतच आहे.

आता धागा तुटणं थांबलं. सपाट शिवणीवर एकही टाका सुटेना. पण लूपवर, जिथे थर जास्त, तिथे अजून एखाददुसरा टाका सुटत होता. सुई योग्य, प्लेट गुळगुळीत, कचरा काढलेला, आणि आधी धक्का बसल्याची खात्री. आता टायमिंग तपासायला हरकत नव्हती. तपासायला म्हणते आहे. अजून एकही स्क्रू ढिला केलेला नव्हता.

त्यासाठी फूट, प्लेट, दाते आणि बॉबिनकेस काढलं. सुईदांडीवर बारीक रेघा कोरलेल्या असतात. आपण वापरतो त्या डीबी सुईसाठी वरच्या दोन रेघा. चाक आपल्याकडे फिरवत सुई अगदी तळाला नेली की यातली वरची रेघ दांडीच्या खालच्या बुशच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. जुळली, तर दांडीची उंची ठीक. सातव्या मशीनवर ती जुळत होती, म्हणजे दांडी सरकलेली नव्हती. मग चाक तसंच पुढे फिरवायचं. सुई वर यायला लागते, आणि दुसरी रेघ बुशच्या कडेशी आली की थांबायचं. या क्षणी शटलचं टोक सुईच्या बरोबर मध्यावर असायला हवं. आमच्या मशीनवर ते अजून सुईपाशी पोचलेलंच नव्हतं. मिलिमीटरभर मागे होतं. म्हणजे शटल शाफ्टवर किंचित घसरलं होतं आणि आता उशिरा येत होतं.

उशिरा आल्याने काय होतं? टोक येईपर्यंत सुई आणखी वर आलेली असते, नेढं टोकाच्या जवळ आलेलं असतं. सपाट कापडावर फासा मोठा असतो म्हणून निभावतं. जाड थरांत सुई घट्ट धरली जाते, फासा तिरका होतो आणि टोक कधी त्याच्याखालून निघून जातं, कधी धाग्याचे निम्मेच पीळ उचलतं. उलट शटल लवकर आलं तर फासा अजून फुगलेलाच नसतो. दोन्हीकडे टाका सुटतोच. कोणत्या बाजूला चूक आहे ते रेघेवरच कळतं.

ते जुळवायची रीत अशी. शटलवरचे तिन्ही स्क्रू चाक फिरवत एकेक समोर आणून ढिले करायचे. दोन पूर्ण ढिले, तिसरा इतकाच, की शटल बोटांनी जोर लावला तर सरकेल पण आपोआप फिरणार नाही. सुईदांडीची दुसरी रेघ बुशच्या कडेशी ठेवायची आणि चाक तिथेच धरून शटल फिरवून टोक सुईच्या मध्यावर आणायचं. मग शटल शाफ्टवर डावी-उजवीकडे सरकवून फट ठरवायची. मागे पांढरा कागद धरून टॉर्च टाकला की फटीतून उजेडाची केसाएवढी रेघ दिसते. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. फट त्याच्याहून कमीच हवी, पण टोक सुईला टेकलेलं नको. टेकलं तर दर टाक्याला घासून टोक बोथट होईल. एक स्क्रू आवळायचा, चाक हाताने दोन-तीन वेळा पूर्ण फिरवून पुन्हा तीच रेघ, तेच टोक बघायचं, आणि मगच उरलेले दोन आवळायचे. आवळताना शटल पुन्हा थोडं हलतं, म्हणून शेवटची तपासणी टाळू नये. जुळवणी नेहमी रोजच्या वापरातल्या नंबरच्या कोऱ्या सुईवर करायची.

त्याच वेळी शटलचं टोक नखावरून हलकेच फिरवून बघितलं. नखाला खरखर लागली नाही. लागली असती तर बारीक तेलदगडाने हलका हात दिला असता. टोकाचा टवका उडाला असता तर मात्र शटलच बदलावं लागलं असतं, घासून तो भरून येत नाही. आधी हाताने चाक फिरवून चार टाके घातले, मग लूपवर मोटरने. एकही टाका सुटला नाही. संध्याकाळी मामा आले, रेघ बघितली आणि काही न बोलता चहा प्यायले.

मशीनचं डोकं मागे कलतं केलंच होतं, म्हणून तेलही बघून घेतलं. या मशीनच्या पोटाखाली तेलाचा ट्रे असतो आणि त्यात दोन खुणा, वर 'हाय' आणि खाली 'लो'. तेल या दोहोंच्या मध्ये हवं. तळाचा पंप ते वर ओढतो आणि बुशांना पाठवतो. डोक्यावर काचेची छोटी खिडकी आहे, तिच्यात मशीन चालताना तेलाचे शिंतोडे उडताना दिसतात. ते दिसत नसतील तर मशीन चालवू नये. ट्रे भरलेला असूनही खिडकी कोरडी राहिली तर पंपाच्या तोंडची जाळी कचऱ्याने बंद झालेली असते, किंवा नव्या जोडणीत मोटर उलटी फिरत असते. चाकाच्या बाजूने बघितलं तर ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरायला हवं.

तेल कुठलं, यावर तडजोड करू नये. याला पाण्यासारखं पातळ, रंगहीन शिलाई मशीनचं तेल लागतं. खोबरेल घालणारी माणसं मी बघितली आहेत. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि कुठलंही खाद्यतेल हवेने हळूहळू चिकट होऊन लाखेसारखं बसतं. मोटरसायकलचं इंजिन ऑइल इतकं दाट की बारीक वाटांतून ते वेळेवर पोचत नाही. आम्ही ट्रेमधलं तेल वर्षातून दोनदा बदलतो, आणि ते काळं किंवा दुधी दिसलं तर त्याआधीच. सुट्टीनंतर, महिनाभर बंद असलेलं मशीन सुरू करताना धागा काढून, फूट वर करून, ३००० ते ३५०० च्या वेगाने दहा मिनिटं रिकामं चालवतो. फूट खाली राहिलं तर दाते त्याचा तळ खातात.

शटलला किती तेल जावं हे मात्र वेगळं ठरवावं लागतं. कमी गेलं तर शटल तापतं, आवाज करतं आणि शेवटी जाम होतं. जास्त गेलं तर पांढऱ्या शर्टावर डाग. सातवं मशीन दुसऱ्या दिवशी शर्टांना लागणार होतं, म्हणून ही चाचणी केलीच. मशीन तीनेक मिनिटं चालवून गरम करायचं, मग दोन बोटं रुंदीचा कोरा कागद शटलच्या खाली, त्याला न लावता, धरायचा आणि पाच सेकंद मशीन चालवायचं. कागदावर शटलमधून उडालेल्या तेलाची रेघ उमटते. ती साधारण मिलिमीटरभर रुंद असली की प्रमाण बरोबर. शटलच्या शाफ्टच्या पुढच्या बुशवर एक लहान स्क्रू आहे. घड्याळाच्या दिशेने फिरवला की तेल वाढतं, उलट फिरवला की कमी होतं. एका वेळी थोडंच फिरवायचं आणि तीनदा कागद धरून बघायचं, कारण बदल दिसायला वेळ लागतो. डाग पडतात म्हणून हा स्क्रू पूर्ण बंद करून ठेवलेली मशीनं मी पाहिली आहेत. त्यांचं शटल फार दिवस टिकलं नाही. नव्या मशीनमध्ये डोक्याला तेलच न लागणारे प्रकार आले आहेत, पण त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये शटलला थोडं तेल लागतंच.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर दुपारच्या जेवणाआधी शटलजवळचा कचरा ब्रशने काढा आणि सकाळी तेलाची खिडकी बघा. आणि सुई मोडली की नवी सुई लावण्याआधी तुकडे मोजा, सुईचा नंबर वाचा आणि प्लेटच्या भोकातून कापसाची वात एकदा फिरवा. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्या दुपारी अक्कांनी ते केलं असतं तर पन्नास पँटींचे लूप उसवून पुन्हा शिवावे लागले नसते.